एका फाइलमधून १०७ पोस्ट: बल्क अपलोडमध्ये तारखा कुठे फिरल्या

पार्श्वभूमी

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्यातली ही शेतकरी उत्पादक कंपनी. सभासद सोयाबीन, कापूस आणि तूर घेणारे, बहुतेक कोरडवाहू. कंपनीचं एक फेसबुक पेज आहे आणि इन्स्टाग्रामवर एक व्यावसायिक खातं आहे. सभासद हंगामातला सल्ला आणि सभांच्या सूचना इथेच वाचतात आणि पुढे गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात टाकतात. म्हणून पोस्टची तारीख इथे महत्त्वाची. सोमवारी वाचलेला सल्ला मंगळवारी वावरात वापरला जातो.

२०२५ च्या खरिपासाठी कंपनीच्या कृषी समन्वयकांनी एक्सेलमध्ये कंटेंट कॅलेंडर तयार केलं. १६ जून ते ३० सप्टेंबर, रोज एक पोस्ट, म्हणजे १०७ ओळी. रकाने असे होते: अनुक्रमांक, दिनांक, वेळ, वार, मजकूर, फोटोचं नाव. वाराचा रकाना समन्वयकांनी हातानं लिहिला होता, कारण सोमवारी पीकसल्ला आणि शुक्रवारी योजना असा त्यांचा क्रम होता. या रकान्याचा पुढे मोठा उपयोग झाला.

पोस्ट टाकायचं काम कार्यालयातल्या संगणक ऑपरेटर ताईंकडे होतं. आदल्या वर्षी त्या रोज सकाळी मजकूर कॉपी करून हातानं टाकायच्या. कार्यालयात नेट दुपारपर्यंत धड चालत नसे, बाजाराच्या दिवशी कामाला उसंत नसे, आणि पोस्ट राहून जात. शेड्यूल केलेली पोस्ट टूलच्या सर्व्हरवरून जाते. त्या वेळी कार्यालयात वीज किंवा नेट असण्याची गरज नसते. म्हणून या वर्षी शेड्यूलिंगचं एक टूल घेतलं आणि त्यातल्या बल्क अपलोडनं सगळं कॅलेंडर एकदाच चढवायचं ठरलं.

अडचण

टूलला हवी होती सीएसव्ही, म्हणजे रकाने स्वल्पविरामानं वेगळे केलेली साधी मजकुराची फाइल, आणि त्यात फक्त तीन रकाने: मजकूर, फोटोची लिंक, आणि `YYYY-MM-DD HH:MM` या साच्यातली वेळ. कॅलेंडरमध्ये तारीख आणि वेळ वेगळी होती, फोटोंची नुसती नावं होती आणि तारखा `07/08/2025` अशा लिहिलेल्या होत्या.

पहिल्याच प्रयत्नात मजकुराच्या जागी प्रश्नचिन्हं आली. फाइल एक्सेलच्या साध्या `CSV (Comma delimited)` पर्यायानं सेव्ह केली होती. तो पर्याय विंडोजच्या जुन्या अक्षरसंचात लिहितो आणि त्या संचात देवनागरी नसते, त्यामुळे प्रत्येक अक्षराच्या जागी `?` बसतं. अशी फाइल परत दुरुस्त होत नाही, कारण मूळ अक्षर फाइलमध्ये उरलेलंच नसतं. मूळ एक्सेल फाइलकडेच परत जावं लागतं. नव्या एक्सेलमध्ये `CSV UTF-8 (Comma delimited)` असा वेगळा पर्याय आहे. कार्यालयातलं एक्सेल जुनं होतं, त्यात तो नव्हता. मग फाइल गुगल शीट्समध्ये चढवून तिथून सीएसव्ही उतरवली. शीट्सची सीएसव्ही नेहमी यूटीएफ-८ मध्येच येते, आणि त्या अक्षरसंचात देवनागरी असते.

इथे एक पोटअडचण आहे. यूटीएफ-८ मधली नीट सीएसव्ही एक्सेलमध्ये डबल क्लिक करून उघडली तर ती बरेचदा `à¤•` अशा चिन्हांत दिसते. फाइल बरोबर असते, एक्सेल ती चुकीच्या संचात वाचत असतं. पण कोणी सवयीनं सेव्हचं बटन दाबलं, तर फाइल बिघडण्याचा धोका असतो. उतरवलेली सीएसव्ही तपासायची तर नोटपॅडमध्ये. तिथं मराठी दिसली की फाइल ठीक.

प्रश्नचिन्हांचा एक गुण आहे: ती दिसतात. तारखांची गडबड दिसत नव्हती आणि या प्रकरणातला खरा धोका तोच होता.

तारखा कशा उलटल्या

कार्यालयातल्या संगणकाची विंडोजमधली प्रांत-सेटिंग अमेरिकेची होती, म्हणजे आधी महिना आणि मग दिवस. नवीन विंडोज बसवताना ही सेटिंग बहुतेक ठिकाणी तशीच राहते. समन्वयकांनी तारखा आपल्या पद्धतीनं टाइप केल्या, आधी दिवस. एक्सेलनं त्यांचे दोन गट केले.

`13/07/2025` टाइप केलं की तेरावा महिना नसल्यामुळे एक्सेल ती तारीख मानतच नाही. ती नुसती अक्षरं म्हणून राहते आणि खान्यात डावीकडे चिकटते. `07/08/2025` टाइप केलं की एक्सेल ती खुशाल तारीख मानतं, पण ८ जुलै. खान्यात दिसतं `7/8/2025`, उजवीकडे चिकटलेलं. बघणाऱ्याला ती ७ ऑगस्टच वाटते. आतमध्ये मात्र ८ जुलैचा आकडा साठलेला असतो.

जोवर रकाना याच रूपात आहे, तोवर चूक झाकलेली राहते. ऑपरेटर ताईंनी टूलच्या मागणीप्रमाणे रकान्याचं फॉरमॅट `yyyy-mm-dd` केलं, तेव्हा खऱ्या तारखा बदलून `2025-07-08` अशा झाल्या आणि अक्षरांच्या तारखा जशाच्या तशा राहिल्या. ज्या बदलल्या नाहीत त्या चुकीच्या, असं समजून ताईंनी त्या ७१ ओळी निवडून `Text to Columns` मध्ये `DMY`, म्हणजे दिवस-महिना-वर्ष हा क्रम देऊन बदलून घेतल्या. त्या बरोबरच झाल्या. ज्या आपसूक बदलल्या त्यांच्याकडे कोणाचं लक्ष जायचं काही कारणच नव्हतं. रकाना आता वरपासून खालपर्यंत एकसारखा दिसत होता.

११ जूनला १०७ ओळी चढवल्या. टूलनं १८ ओळी नाकारल्या, कारण ‘वेळ उलटून गेली आहे’. उरलेल्या ८९ शेड्यूल झाल्या.

निर्णयाची पहिली जागा: १८ ओळी दुरुस्त करायच्या की थांबायचं

सरळ वाट ही होती की १८ ओळींच्या तारखा हातानं नीट करायच्या, तेवढ्याच परत चढवायच्या आणि काम झालं म्हणायचं. वेळ कमी होता, पहिली पोस्ट पाच दिवसांवर होती. ताई तसं करायलाही बसल्या होत्या. पण नाकारलेल्या ओळींची यादी त्यांनी मूळ कॅलेंडरशेजारी ठेवली आणि समन्वयकांना विचारलं, “सर, हे सगळे महिन्याचे पहिले सहाच दिवस कसे काय?”

तिन्ही महिन्यांत १ ते ६ तारखेच्याच ओळी परत आल्या होत्या, एकही सुटली नव्हती आणि एकही जास्त नव्हती. उदाहरण १ जुलैचं. त्या दिवशी वसंतराव नाईकांच्या जयंतीनिमित्त कृषी दिनाची पोस्ट होती. ती उलटून ७ जानेवारी झाली, म्हणजे मागची तारीख, म्हणून टूलनं नाकारली. ६ तारखेच्या ओळी ७, ८ आणि ९ जूनला गेल्या. अपलोड ११ जूनला होतं, म्हणून त्याही मागच्या ठरल्या.

इतकं कळल्यावर पुढचा प्रश्न आपोआप आला. १ ते ६ उलटल्या, मग ७ ते १२ चं काय झालं? त्याही उलटल्याच होत्या, फक्त पुढच्या तारखांवर गेल्या, म्हणून टूलनं मुकाट्यानं घेतल्या. तीन महिन्यांच्या अशा १८ ओळी. त्यांतल्या ७ जुलै, ८ ऑगस्ट आणि ९ सप्टेंबर या उलटूनही त्याच राहतात. उरल्या १५ चुकीच्या.

या १५ चेही दोन प्रकार होते. १०, ११ आणि १२ तारखांच्या नऊ ओळी ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये जाऊन पडल्या होत्या. त्या सापडणं सोपं होतं, कारण कॅलेंडर ३० सप्टेंबरला संपतं आणि त्यांच्या मूळ जागा टूलच्या महिन्याच्या पानावर रिकाम्या दिसत होत्या. पण सहा ओळींनी आपसांत जागा बदलल्या होत्या: ८ जुलै आणि ७ ऑगस्ट, ९ जुलै आणि ७ सप्टेंबर, ९ ऑगस्ट आणि ८ सप्टेंबर. या दिवसांवर रिकामी जागा नव्हती, दुप्पट पोस्टही नव्हती, मुदतीबाहेरची तारीखही नव्हती. पानावर सगळं भरलेलं आणि नीटनेटकं. ८ जुलैच्या ओळीत सोयाबीनचे खाडे, म्हणजे न उगवलेल्या रिकाम्या जागा, भरण्याचा सल्ला होता, तो ७ ऑगस्टला जाणार होता, म्हणजे खाडे भरायची वेळ टळून गेल्यावर. ९ ऑगस्टची राखीपौर्णिमेची शुभेच्छा ८ सप्टेंबरला जाणार होती. राखी पाहून लोक हसले असते. खाडे भरण्याचा सल्ला मात्र चुकला तरी कोणाच्या लक्षात आला नसता, आणि माझ्या मते तीच चूक मोठी.

तारखा सावरण्याचे पर्याय

तीन वाटा समोर होत्या.

पहिली, सूत्रानं परत उलटवणं. अक्षरांच्या तारखा वेगळ्या वाचायच्या आणि खऱ्या तारखांतला दिवस-महिना अदलाबदल करायचा:

```
=IF(ISTEXT(B2),DATE(RIGHT(B2,4),MID(B2,4,2),LEFT(B2,2)),DATE(YEAR(B2),DAY(B2),MONTH(B2)))
```

हे सूत्र मूळ, हात न लावलेल्या रकान्यावरच चालतं, आणि तेही सगळ्या तारखा एकाच संगणकावर टाइप झालेल्या असतील तर. काही ओळी कोणी भारतीय सेटिंगच्या मोबाइलवरून भरल्या असतील, तर त्या आधीच बरोबर असतात आणि सूत्र त्यांनाच उलटं करतं. ताईंच्या बदललेल्या फाइलवर ते चालवलं असतं तर बरोबर केलेल्या ७१ ओळीही बिघडल्या असत्या.

दुसरी वाट, १०७ तारखा हातानं परत टाइप करणं. वेळखाऊ, आणि त्याच संगणकावर त्याच सवयीनं केलं तर तीच चूक परत.

तिसरी वाट निवडली. कॅलेंडरमध्ये रोज एकच पोस्ट होती आणि अनुक्रमांकाचा रकाना शाबूत होता. म्हणून मूळ फाइल अनुक्रमांकानं लावली, पहिल्या खान्यात `2025-06-16` टाइप केलं आणि शेवटपर्यंत खाली ओढलं. वर्ष आधी असलेली तारीख एक्सेल कुठल्याही प्रांत-सेटिंगमध्ये एकाच अर्थानं वाचतं. शेवटच्या, १०७ व्या ओळीवर ३० सप्टेंबर आलं. म्हणजे ओळ गाळलेली नाही आणि जास्तीचीही नाही. दिवसाला दोन पोस्ट असत्या किंवा मध्ये सुट्ट्या असत्या, तर ही वाट चालली नसती आणि पहिल्या वाटेनं मूळ फाइलवर जावं लागलं असतं.

वाराची तपासणी

तारीख कुठूनही आली असो, ती बरोबर आहे का हे तिच्यापासून स्वतंत्र असलेल्या माहितीशीच ताडून पाहता येतं. इथं ती माहिती म्हणजे हातानं लिहिलेला वार. तारखेवरून निघणारा वार आणि लिहिलेला वार जुळत नसेल तर खान्यात ‘तपासा’ यावं, असं सूत्र लावलं:

```
=IF(TRIM(D2)=CHOOSE(WEEKDAY(B2),"रविवार","सोमवार","मंगळवार","बुधवार","गुरुवार","शुक्रवार","शनिवार"),"","तपासा")
```

सुरुवातीला बऱ्याच ओळींवर खोटी सूचना आली. काही ठिकाणी ‘गुरूवार’ असं दीर्घ लिहिलेलं होतं. एकसारखं केल्यावर ती गेली.

तपासणीवर विसंबायच्या आधी ती जुन्या, चुकलेल्या फाइलवर चालवून पाहिली. टूलनं मुकाट्यानं घेतलेल्या १५ ओळींपैकी १४ तिनं पकडल्या. एक सुटली, ११ जुलैची. ती उलटून ७ नोव्हेंबरला गेली होती आणि २०२५ मध्ये ११ जुलैलाही शुक्रवार होता, ७ नोव्हेंबरलाही शुक्रवार. हा योगायोग दर वर्षी येतो, या दोन तारखांचा वार कायम एकच असतो. म्हणून दुसरी, अगदी साधी तपासणी जोडली: रकान्याची सगळ्यात लहान तारीख `MIN` नं आणि सगळ्यात मोठी `MAX` नं काढायची आणि त्या १६ जून आणि ३० सप्टेंबर आहेत का पाहायचं. दोन्ही तपासण्या मिळून १५ च्या १५ सापडल्या. आपसांत बदललेल्या सहा ओळी मात्र फक्त वारानंच सापडतात. वाराचा रकाना नसता तर त्या निघाल्या नसत्या.

मग नव्या फाइलवर तपासणी चालवली. ती पूर्ण कोरी यायला हवी होती, पण दोन ओळी उरल्या: २ सप्टेंबरला पोळा, लिहिलेला वार सोमवार, आणि ३ सप्टेंबरला तान्हा पोळा, वार मंगळवार. तारखा बरोबर भरलेल्या होत्या, पण २ सप्टेंबर २०२५ ला मंगळवार येतो. सोमवार होता तो २०२४ मध्ये, आणि त्या वर्षी पोळाही त्याच दिवशी होता. समन्वयकांनी सणांच्या ओळी मागच्या वर्षाच्या फाइलमधून वारासकट उचलल्या होत्या. २०२५ चा पोळा २२ ऑगस्टला, शुक्रवारी. या दोन ओळींचा मजकूर २२ आणि २३ ऑगस्टच्या मजकुराशी बदलला. विदर्भात तान्हा पोळा चुकवलेलं पेज लोक विसरत नाहीत, त्यामुळे ही चूक इथं सापडली हे फार बरं झालं. १ जुलै आणि १५ ऑगस्ट यांना असा धोका नाही. तिथीवर चालणारी प्रत्येक ओळ मात्र पंचांगाशी नव्यानं ताडायलाच हवी.

आधीच चढलेल्या ८९ पोस्टचं काय

१५ चुकीच्या पोस्ट टूलमध्ये शोधून सुधारायच्या, की सगळ्या ८९ काढून परत चढवायच्या? पहिल्यात काम कमी दिसत होतं. पण टूल सीएसव्हीतली ओळ ओळखत नाही. फाइलमध्ये पोस्टला काही ओळखक्रमांक नसतो, त्यामुळे तीच ओळ दुसऱ्यांदा चढवली तर जुनी बदलत नाही, दुसरी तयार होते. अर्धं हातानं सुधारलेलं आणि अर्धं नव्यानं चढवलेलं असलं की कोणती ओळ कुठून आली हे कळेनासं होतं आणि एकच पोस्ट दोनदा जायचा धोका राहतो. शिवाय पोळ्याच्या ओळीही बदलायच्या होत्या.

म्हणून सगळ्या ८९ काढल्या. चढवणं एका फटक्यात होत असलं तरी काढणं या टूलमध्ये एकेक करूनच होतं, त्यात ताईंचा अर्धा दिवस गेला. यादी शून्य झाल्याचं पाहूनच पुढचं काम सुरू केलं.

निर्णयाची दुसरी जागा: कोणत्या ओळी चढवायच्याच नाहीत

फाइल आता स्वच्छ होती. तेवढ्यात एका संचालकांनी छापील कॅलेंडर पाहिलं आणि १८ जूनच्या ओळीवर बोट ठेवलं. तिथं सोयाबीनच्या पेरणीची पोस्ट होती. ते म्हणाले, “पाणी आलं नाही अन् आपण पेरा म्हणून सांगायचं? लोकं आपल्या भरवशावर पेरतीन, मंग दुबार पेरणीचा खर्च कोणं द्यावा?”

त्यांचं म्हणणं मजकुरालाच धरून होतं. पोस्टमध्येच लिहिलं होतं की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नये. पण फेसबुकवर लोक चित्रावरचा मथळा वाचतात, आणि मथळा होता ‘सोयाबीन पेरणीची वेळ झाली’. कोरड्या आभाळाखाली तो मथळा कंपनीच्या नावानं गेला असता.

समन्वयकांचं मत होतं की सगळं चढवून ठेवावं आणि पाऊस लांबला तर त्या पोस्ट पुढे सरकवाव्यात. कागदावर ते पटण्यासारखं आहे. पण सरकवायला कोणीतरी त्या दिवशी टूलमध्ये जायला हवं, नेट असायला हवं, आणि पेरणी दहा दिवस लांबली की निंदण, डवरणी, फवारणी हे सगळं एकामागोमाग सरकतं. म्हणजे एक नाही, वीस पोस्ट हलवाव्या लागतात. शेड्यूल केलेली पोस्ट कोणी थांबवली नाही तर जाते. पावसावर अवलंबून असलेल्या सल्ल्यासाठी हा नियम उलटा हवा: कोणी मुद्दाम पाठवल्याशिवाय तो जाऊच नये.

कॅलेंडरमध्ये ‘स्थिती’ नावाचा एक रकाना वाढवला. त्यात दोनच शब्द: ‘पक्का’ आणि ‘पाण्यावर’. जी ओळ पाऊस असो वा नसो त्याच दिवशी खरी राहते ती पक्की. सण, कृषी दिन, सभा, आणि घरच्या सोयाबीनची उगवण तपासण्याची पोस्ट या पक्क्या. उगवणीची पोस्ट पेरणीआधीचीच असल्यामुळे १६ जूनला कोरड्यातही चालते: शंभर बिया ओल्या गोणपाटात ठेवायच्या आणि सत्तर तरी उगवायला हव्यात. पेरणी, तणनियंत्रण, खताचा दुसरा हप्ता, फवारणी या पाण्यावरच्या. १०७ पैकी ६९ पक्क्या निघाल्या, ३८ पाण्यावरच्या.

पाण्यावरच्या ओळींतून तारीख काढूनच टाकली. त्याऐवजी ‘पेरणीपासून दिवस’ लिहिले. कपाशीत गुलाबी बोंडअळीवर नजर ठेवण्यासाठी हेक्टरी पाच कामगंध सापळे लावण्याची पोस्ट मूळ कॅलेंडरमध्ये ७ ऑगस्टला होती. तिथं आता ४५ आलं. भागातली बहुतेक लागवड २८ जूनला धरली की ती पोस्ट १२ ऑगस्टला येते. लागवडीची तारीख एकाच खान्यात ठेवली, ती बदलली की मागच्या सगळ्या आपोआप हलतात. दर रविवारी समन्वयक पुढच्या सात दिवसांतल्या पाण्यावरच्या ओळी पाहतात, ज्या खऱ्या वाटतात त्यांना ‘पक्का’ करतात आणि ताई तेवढ्याच चढवतात.

पीकविम्याच्या पोस्टवर थोडी चर्चा झाली. तिची तारीख शासन ठरवतं, म्हणून ती पक्की वाटते. पण मुदत वाढते, आणि मुदतवाढीनंतर ‘आज शेवटचा दिवस’ ही पोस्ट लोकांना उगाच धावपळ करायला लावते. ती पाण्यावरच्या गटात टाकली. गटाचं नाव तिला शोभत नाही, पण वागणूक तीच हवी होती.

चढवण्याची अंतिम पद्धत

‘अपलोड’ नावाचं वेगळं पान केलं, त्यात टूलला हवे ते तीनच रकाने. सीएसव्ही उतरवताना समोर उघडं असलेलं एकच पान उतरतं, म्हणून हे पान समोर ठेवूनच उतरवायचं. मूळ पानाचं नाव ‘कॅलेंडर’. तिथली तारीख आणि वेळ जोडून अक्षरांत बदलायचं सूत्र असं:

```
=TEXT('कॅलेंडर'!B2+'कॅलेंडर'!C2,"yyyy-mm-dd hh:mm")
```

अक्षरांत बदललेली तारीख उतरवताना बदलत नाही. मात्र ती सीएसव्ही एक्सेलमध्ये परत उघडली तर एक्सेल तिला पुन्हा तारीख समजतं आणि सेव्ह करताना आपल्या सेटिंगप्रमाणे लिहितं. म्हणून इथंही नोटपॅडच.

फोटो आधी गुगल ड्राइव्हवर होते. ड्राइव्हची शेअर लिंक फोटोकडे जात नाही, फोटो दाखवणाऱ्या पानाकडे जाते, त्यामुळे टूलला फोटो मिळत नव्हता. फोटो कंपनीच्या संकेतस्थळावर चढवले आणि थेट फोटोच्या फाइलकडे जाणाऱ्या लिंक घेतल्या. तपासणी सोपी: लिंक ब्राउझरच्या खासगी खिडकीत उघडायची, नुसता फोटो दिसला तर ठीक, लॉगिन किंवा आजूबाजूला बटनं दिसली तर लिंक चालणार नाही.

सगळी फाइल चढवण्याआधी तीन ओळींची चाचणी घेतली. ओळी मुद्दाम अवघड निवडल्या: बारा किंवा त्याखालच्या तारखेची एक, तेराच्या पुढची एक, आणि तिसरी स्वल्पविराम आणि दोन परिच्छेद असलेल्या मजकुराची, त्याच दिवशी दुपारी साडेतीनची. पहिल्या दोन टूलमध्ये बरोबर दिसल्या. तिसरी साडेतीनला गेलीच नाही. ती रात्री नऊला गेली. खात्याचा टाइम झोन यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, राहिला होता, आणि भारतीय वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे असते. टूलच्या पानावर मात्र ‘१५:३०’ असंच दिसत होतं, त्यामुळे नुसतं पान बघून हे कळलं नसतं. एक पोस्ट खरोखर जाऊ द्यावी लागते. टाइम झोन कोलकाता केला, चाचणीच्या पोस्ट काढल्या, आणि १४ जूनला ६९ ओळी चढवल्या. एकही नाकारली गेली नाही.

निष्पत्ती

पक्क्या ६९ पोस्ट आपापल्या दिवशी गेल्या, पण चार इन्स्टाग्रामवर अडकल्या. त्यांचे फोटो पीएनजी होते. फेसबुकनं ते घेतले. बाहेरच्या टूलमधून येणारे फोटो इन्स्टाग्राम फक्त जेपीईजीमध्येच घेतं. ही चूक अपलोडच्या वेळी दिसत नाही, पोस्ट जायच्या क्षणी दिसते, आणि सकाळी सातला टूल पाहायला कोणी नसतं. ताईंना ती ईमेलच्या सूचनेतून कळली. फोटो जेपीईजी करून त्या चार हातानं टाकल्या.

पेरणीची पोस्ट १८ जूनला गेली नाही. त्या गावांत पुरेसं पाणी झाल्यावर समन्वयकांनी ती पक्की केली, आणि मथळा बदलून ‘१०० मिलिमीटर झाला का? मगच पेरा’ असा केला. ३८ पैकी काही ओळी हंगामभर पाठवल्याच नाहीत. सलग झड लागलेल्या आठवड्यात फवारणीच्या पोस्ट ताईंनी चढवल्या नाहीत, आणि त्या कोणालाही थांबवाव्या लागल्या नाहीत.

वेगळं काय करता आलं असतं

तारखेचा रकाना पहिल्याच दिवशी `2025-06-16` या रूपात भरला असता तर उलटापालट झालीच नसती. समन्वयकांना मात्र तशी तारीख वाचायला अवघड जाते आणि संचालकांना छापील कॅलेंडर आपल्या पद्धतीचंच हवं असतं. त्यावर उपाय आहे: टाइप करायचं वर्ष आधी ठेवून आणि खान्याचं फॉरमॅट `dd mmm` ठेवायचं, म्हणजे `16 Jun` असं दिसतं. महिना अक्षरांत असला की दिवस आणि महिना एकमेकांच्या जागी वाचलेच जात नाहीत. पुढच्या हंगामाच्या फाइलमध्ये तसं केलं आहे. कार्यालयातल्या संगणकाची प्रांत-सेटिंगही भारताची केली, पण त्यावर भिस्त ठेवलेली नाही, कारण फाइल आणखी दोन-तीन जणांच्या मोबाइलवर उघडते.

तीन ओळींची चाचणी पहिल्या अपलोडआधीच झाली असती तर ८९ पोस्ट काढण्याचा अर्धा दिवस वाचला असता, आणि प्रश्नचिन्हं, तारीख आणि टाइम झोन हे तिन्ही एकाच दुपारी कळलं असतं. मात्र चाचणीच्या ओळी कॅलेंडरच्या वरून पहिल्या तीन घेतल्या असत्या तर उपयोग झाला नसता. त्या १६, १७ आणि १८ जूनच्या होत्या, आणि तेराच्या पुढच्या तारखा उलटतच नाहीत.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. रविवारी पाण्यावरच्या ओळी पक्क्या करण्याचं काम एकट्या समन्वयकांवर आहे. ते गावाला गेले की त्या आठवड्यात पीकसल्ला जात नाही. दुसऱ्या कोणाला ते करता यावं म्हणून प्रत्येक ओळीपुढे अट लिहायला सुरुवात केली आहे: किती पाऊस, किती दिवसांत, पीक किती दिवसांचं. अडतीसपैकी निम्म्याहून अधिक ओळींच्या अटी एका वाक्यात बसल्या. फवारणीच्या ओळींच्या बसत नाहीत, कारण तिथं कीड किती आहे हे वावरात जाऊन पाहावं लागतं. त्या ओळी सध्या समन्वयकांकडेच ठेवल्या आहेत.